मशीन विकली, पण तिचा डिफर्ड टॅक्स ताळेबंदातच राहिला

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एक खासगी कंपनी आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथे त्यावर मशीनिंग होतं आणि माल पुढे पंप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांकडे जातो. २०२३-२४ चं ऑडिट आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. कंपनीच्या अकाउंटंटने ताळेबंद तयार ठेवला होता, नफा-तोटा पत्रक जुळत होतं, टॅलीतला ट्रायल बॅलन्सही स्वच्छ होता. गडबड दिसली ती एका भागाकारात.

करपूर्व नफा होता १,६०,००,००० रुपये. चालू वर्षाचा आयकर ४०,९५,६९२ आणि डिफर्ड टॅक्सचा खर्च ७१,७७६, म्हणजे करापोटी एकूण ४१,६७,४६८. याला नफ्याने भागलं की २६.०५ टक्के येतात. ही कंपनी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीएए खाली कर भरत होती. तिथला दर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून २५.१६८ टक्के होतो. दंड, देणगी, किंवा कायदा कधीच मान्य करत नाही असा दुसरा कुठलाही खर्च पुस्तकात नव्हता. ग्रॅच्युइटीसारख्या बाबी मी या लेखातून बाजूला काढल्या आहेत, आणि वाचताना अडखळायला नको म्हणून मूळ आकडे गोल केले आहेत.

कायमचा फरक नसेल तर चालू कर आणि डिफर्ड टॅक्स मिळून नफ्यावर बरोबर २५.१६८ टक्केच यायला हवेत. डिफर्ड टॅक्सचं सगळं कामच ते आहे. आयकर खातं घसारा आपल्या वेगाने देतं, पुस्तक आपल्या वेगाने लावतं. दोन वेगांतल्या फरकामुळे या वर्षी कर कमी-जास्त भरला जातो आणि पुढे कधीतरी त्याची भरपाई होते. ती भरपाई आजच नोंदवली की कराचा एकूण बोजा नफ्याच्या प्रमाणात राहतो. राहिला नाही, तर नोंद चुकली आहे. १,६०,००,००० चे २५.१६८ टक्के होतात ४०,२६,८८०. पुस्तकात त्यापेक्षा १,४०,५८८ रुपये जास्त होते.

चालू कराचं कॉम्प्युटेशन आधी तपासलं. ते बरोबर होतं. मग चूक डिफर्ड टॅक्समध्येच असणार.

अकाउंटंटची पद्धत मी बऱ्याच कंपन्यांत पाहिली आहे. दर वर्षी आयकराचा घसारा घ्यायचा, त्यातून पुस्तकातला घसारा वजा करायचा, उरलेल्या फरकाला त्या वर्षीच्या दराने गुणायचं आणि उत्तर मागच्या शिलकेत मिळवायचं. पहिल्या वर्षी ही पद्धत अचूक असते, आणि काहीच बदललं नाही तर पुढेही चालते. पण बदल होतातच. या फाइलमध्ये ते कधी कधी झाले हे कळण्यासाठी सगळं पहिल्या मशीनपासून मांडावं लागलं.

पहिली व्हीएमसी, म्हणजे कास्टिंगवर मशीनिंग करणारी संगणकचलित मशीन, १ एप्रिल २०१८ ला सुरू झाली, किंमत ३०,००,०००. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे. कंपनीने ५ टक्के भंगारमूल्य सोडून सरळ रेषेची पद्धत घेतली होती, म्हणून पुस्तकात दर वर्षी १,९०,००० चा घसारा पडायचा. आयकरात एकाच दराच्या मालमत्ता एका गटात, म्हणजे ब्लॉकमध्ये, एकत्र धरतात. यंत्रसामग्रीचा ब्लॉक १५ टक्क्यांचा, तोही घटत्या शिलकेवर. शिवाय कंपनी तेव्हा जुन्या दरात होती आणि मशीन नवी कोरी, उत्पादनासाठी घेतलेली, त्यामुळे पहिल्या वर्षी कलम ३२ खाली २० टक्के जादा घसाराही मिळाला. पहिल्याच वर्षी आयकरात ३५ टक्के, म्हणजे १०,५०,००० वजा झाले. पुढचं चित्र असं:

| ३१ मार्च | पुस्तकी मूल्य | आयकराचं मूल्य | फरक |
|---|---|---|---|
| २०१९ | २८,१०,००० | १९,५०,००० | ८,६०,००० |
| २०२० | २६,२०,००० | १६,५७,५०० | ९,६२,५०० |
| २०२१ | २४,३०,००० | १४,०८,८७५ | १०,२१,१२५ |
| २०२२ | २२,४०,००० | ११,९७,५४४ | १०,४२,४५६ |
| २०२३ | २०,५०,००० | १०,१७,९१२ | १०,३२,०८८ |

शेवटचा स्तंभ म्हणजे आयकराने पुस्तकापेक्षा आधी देऊन टाकलेला घसारा. तो पुढे पुन्हा मिळणार नाही, तेव्हा तेवढ्या रकमेवर कर भरावा लागणार. म्हणून त्यावरचा कर आजच दायित्व म्हणून उभा करायचा. शेवटच्या दोन ओळी पाहा. २०२२-२३ मध्ये आयकराचा घसारा १,७९,६३२ वर आला, पुस्तकातल्या १,९०,००० पेक्षा कमी झाला, आणि फरक उतरू लागला. घटत्या शिलकेचा घसारा सुरुवातीला जोरात असतो आणि मग थकतो. पहिल्या वर्षी जादा घसारा मिळालेला असेल, तर हे वळण अपेक्षेपेक्षा लवकर येतं.

पहिली चूक २०२०-२१ मध्ये झाली होती. तोवर कंपनीचा दर २७.८२ टक्के होता, म्हणजे २५ टक्के, एक कोटीवरच्या उत्पन्नामुळे ७ टक्के अधिभार, आणि उपकर. ३१ मार्च २०२० ला डिफर्ड टॅक्सचं दायित्व ९,६२,५०० गुणिले २७.८२ टक्के, म्हणजे २,६७,७६८ होतं. ते तेव्हा बरोबर होतं, कारण नव्या दरात जायचं की नाही हे कंपनीने तोवर ठरवलं नव्हतं. २०२०-२१ साठी फॉर्म १०-आयसी भरून कंपनीने ११५बीएए घेतलं. हा पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. त्या वर्षी आयकराचा घसारा पुस्तकापेक्षा ५८,६२५ ने जास्त होता. अकाउंटंटने त्याला २५.१६८ टक्क्यांनी गुणून १४,७५५ काढले, जुन्या शिलकेत मिळवले आणि दायित्व २,८२,५२३ केलं.

पण जुना ९,६२,५०० चा फरक उलटणार होता तो पुढच्या वर्षांत, आणि पुढच्या वर्षांत कंपनी २७.८२ टक्क्यांनी कर भरणारच नव्हती. लेखामानक २२ सांगतं की डिफर्ड टॅक्स ताळेबंदाच्या तारखेला लागू असलेल्या, किंवा लागू झाल्यातच जमा असलेल्या, दराने मोजायचा. फक्त नव्या वर्षाच्या फरकाला नवा दर लावून भागत नाही. उभी असलेली पूर्ण शिल्लक नव्या दराने पुन्हा मोजावी लागते. १०,२१,१२५ चे २५.१६८ टक्के होतात २,५६,९९७. म्हणजे फरक वाढूनही दायित्व मागच्या वर्षापेक्षा १०,७७१ ने कमी व्हायला हवं होतं. जास्तीचे २५,५२६ रुपये, म्हणजे ९,६२,५०० वर २.६५२ टक्के, त्या दिवशी शिलकेत घुसले आणि तसेच पुढे चालत आले. दर वर्षीची वाढ बरोबर निघत होती, म्हणून कुणाला संशय आला नाही.

दुसरी व्हीएमसी १ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, किंमत ६०,००,०००. त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून आयकरात निम्मा दर, साडेसात टक्के, म्हणजे ४,५०,०००. नव्या दरात जादा घसारा मिळतच नाही. पुस्तकात तीन महिन्यांचे ९५,०००. अकाउंटंटने हे सगळं नीट धरलं होतं. निम्म्या दरात माणसं हमखास चुकतात, इथे चूक नव्हती. ३१ मार्च २०२३ ला दोन्ही मशीनचं पुस्तकी मूल्य ७९,५५,००० आणि ब्लॉकचं मूल्य ६५,६७,९१२ होतं. फरक १३,८७,०८८, त्यावर बरोबर दायित्व ३,४९,१०२. लेजरमध्ये होते ३,७४,६२८. तेच २५,५२६ जास्त.

आता खरी मोठी चूक. पहिली व्हीएमसी १ ऑक्टोबर २०२३ ला १५,००,००० ला विकली. पुस्तकात सहा महिन्यांचा घसारा ९५,००० लागून मूल्य १९,५५,००० राहिलं होतं, त्यामुळे ४,५५,००० चा विक्रीतला तोटा पडला. कॉम्प्युटेशनमध्ये हा तोटा उत्पन्नात परत मिळवला होता. ते बरोबरच, कारण ब्लॉकमधली एखादी मशीन विकल्याचा तोटा आयकर वेगळा मान्य करत नाही. तिथे मशीनची ओळखच उरत नाही. विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा करायची आणि उरलेल्यावर १५ टक्के घ्यायचे: ६५,६७,९१२ वजा १५,००,०००, राहिले ५०,६७,९१२, घसारा ७,६०,१८७, ब्लॉकची अखेरची शिल्लक ४३,०७,७२५.

डिफर्ड टॅक्स काढताना अकाउंटंटने नेहमीप्रमाणे फक्त घसाऱ्याला घसारा लावला. आयकराचे ७,६०,१८७, पुस्तकातले दोन्ही मशीनचे ४,७५,०००, फरक २,८५,१८७, त्यावर ७१,७७६ चं नवं दायित्व. लेजर ४,४६,४०४ वर गेलं. पण पुस्तकाने त्या वर्षी यंत्रसामग्रीपोटी फक्त ४,७५,००० खर्ची टाकले नव्हते, वर ४,५५,००० चा तोटाही टाकला होता. मशीन पुस्तकातून बाहेर काढताना उरलेलं मूल्य एकदम खर्चात जातं, त्याला घसारा म्हणत नाहीत एवढंच. आयकराच्या बाजूला मात्र तो तोटा कधीच वेगळा दिसत नाही, तो ब्लॉकमध्ये विरघळतो. म्हणून विक्रीतला नफा किंवा तोटा हाही याच हिशोबाचा भाग आहे. पुस्तकाचा एकूण खर्च ९,३०,०००, आयकराचा ७,६०,१८७. पुस्तक पुढे गेलं होतं, म्हणजे फरक त्या वर्षी उलटला होता, वाढला नव्हता. ४,५५,००० चे २५.१६८ टक्के म्हणजे १,१४,५१४ इतकी ही चूक.

आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकलने हे ऐकलं आणि लगेच म्हणाला, "सर, मग मशीन विकली तर तिचा सगळा डिफर्ड टॅक्स काढूनच टाकू. आता एकच मशीन उरली, तिचाच ठेवू." त्याने कागदावर मांडलंही. दुसरी मशीन पुस्तकात ५५,२५,०००. तिचं आयकराचं मूल्य त्याने ५५,५०,००० वर १५ टक्के घसारा लावून ४७,१७,५०० काढलं. फरक ८,०७,५००, दायित्व २,०३,२३२.

मी त्याला विचारलं, "तुझं ४७,१७,५०० थ्रीसीडीत कुठे दिसतंय, दाखव." थ्रीसीडी म्हणजे टॅक्स ऑडिटचा तक्ता. त्याच्या १८ व्या कलमात ब्लॉकचा घसारा असतो, आणि तिथे यंत्रसामग्रीची शिल्लक ४३,०७,७२५ होती. तो बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिला.

मधला फरक ४,०९,७७५ चा आहे, आणि या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट त्याच्यातच आहे. पहिल्या मशीनचं आयकरातलं मूल्य विक्रीच्या वर्षाच्या सुरुवातीला फक्त १०,१७,९१२ उरलं होतं. विक्री झाली १५,००,००० ला. पुस्तक म्हणतं तोटा, पण आयकराच्या नजरेने पाहिलं तर कंपनीने त्या मशीनवर ४,८२,०८८ कमावले. ती कमाई आयकराने त्या वर्षी उत्पन्न म्हणून धरली नाही. ब्लॉकमध्ये दुसऱ्या मशीनचं मूल्य शिल्लक होतं, म्हणून ती रक्कम त्या मूल्यातून वजा झाली. याचा अर्थ दुसऱ्या मशीनवर मिळायचा घसारा तेवढ्याने कमी झाला. पहिल्या वर्षी ४,८२,०८८ वरचा १५ टक्के घसारा बुडाला, उरले ४,०९,७७५. पुढच्या वर्षी त्यावरचा १५ टक्के बुडेल, आणि असंच पुढे. मशीन मेटल कटिंगच्या दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये गेली, पण तिच्यावर पुढे ढकललेला कर दुसऱ्या मशीनच्या घसाऱ्यातून हप्त्याहप्त्याने वसूल होत राहतो. म्हणून त्याचं दायित्व, १,०३,१३२ रुपये, ताळेबंदात राहायलाच हवं. आर्टिकलचा हिशोब तेवढ्याने कमी पडत होता.

बरोबर उत्तर दोन टोकांच्या मधे होतं. पुस्तकी मूल्य ५५,२५,०००, ब्लॉक ४३,०७,७२५, फरक १२,१७,२७५, दायित्व ३,०६,३६४. अकाउंटंटचे ४,४६,४०४ जास्त होते, आर्टिकलचे २,०३,२३२ कमी.

म्हणूनच मी डिफर्ड टॅक्स नेहमी अखेरच्या शिलकांवरून काढतो. मालमत्तेच्या शेड्यूलमधलं पुस्तकी मूल्य घ्यायचं, थ्रीसीडीतली ब्लॉकची शिल्लक वजा करायची, उरलेल्याला आजचा दर लावायचा. हे झालं अखेरचं दायित्व. सुरुवातीची शिल्लक त्यातून वजा केली की वर्षाचा आकडा मिळतो. दर बदलला, मशीन विकली, निम्मा दर लागला, तरी हे सगळं अखेरच्या शिलकांमध्ये आपोआप आलेलं असतं. घसाऱ्यांची वजाबाकी मी नंतर पडताळणीसाठी करतो, आणि जुळली नाही तर काय सुटलं ते शोधतो. लेखामानक २२ नफा-तोट्याच्या बाजूने बोलतं, त्यामुळे या पद्धतीला मर्यादा आहे. ज्या फरकाचा कर कधीच परत येणार नाही तो शिलकांमधून आधी काढावा लागतो. मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन करून पुस्तकी मूल्य वाढवलं असेल तर ती वाढ बाहेर ठेवायची. एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीचा प्रीमियम पुस्तकात वर्षावर्षाने खर्ची पडतो पण आयकरात घसाऱ्याला पात्र नसतो, तोही बाहेर. इंड-एएस १२ लागू असणाऱ्या मोठ्या कंपन्यांत पुनर्मूल्यांकनाचं उत्तर वेगळं येतं, पण ही कंपनी त्यात बसत नव्हती.

कंपनीच्या कार्यालयातले संगणक अकाउंटंटने डिफर्ड टॅक्समधून पूर्ण सोडून दिले होते. "रक्कम लहान आहे, शिवाय ॲसेट निघते, ती घ्यायला नफ्याची खात्री लागते," असं त्याचं म्हणणं. १ एप्रिल २०२१ ला ६,००,००० चे संगणक घेतले होते. पुस्तकात आयुष्य तीन वर्षं, ५ टक्के सोडून दर वर्षी १,९०,०००. आयकरात ४० टक्के घटत्या शिलकेवर: २,४०,०००, मग १,४४,०००, मग ८६,४००. पहिल्या वर्षाअखेर आयकर ५०,००० ने पुढे, दुसऱ्या वर्षाअखेर फक्त ४,००० ने पुढे, आणि तिसऱ्या वर्षी पुस्तकाने झेप घेतली. ३१ मार्च २०२४ ला पुस्तकात ३०,००० उरले होते आणि आयकरात १,२९,६००. त्याच संगणकांवर आधी दायित्व होतं, आता ९९,६०० चा घसारा आयकराकडून यायचा बाकी आहे, म्हणजे २५,०६७ ची डिफर्ड टॅक्स ॲसेट. चाळीस टक्के हा दर ऐकायला मोठा वाटतो, पण तीन वर्षांत पुस्तक ९५ टक्के खातं आणि आयकर ७८ टक्क्यांवर थांबतो.

खात्रीच्या मुद्द्यावर अकाउंटंट अर्धा बरोबर होता. ॲसेट घ्यायची तर पुढे तेवढं करपात्र उत्पन्न येईल याची वाजवी खात्री हवी. तोटा किंवा न वापरलेला घसारा पुढे ओढत आणलेला असेल तर मानक आणखी कडक होतं. तिथे जवळपास पूर्ण खात्री आणि तिला पटण्याजोगा पुरावा लागतो, नुसतं पुढच्या वर्षांचं प्रोजेक्शन चालत नाही. हातातली पक्की ऑर्डर दाखवावी लागते. पण या कंपनीत दीड कोटीच्या वर उत्पन्न दर वर्षी होत होतं, आणि यंत्रसामग्रीचं तीन लाखांचं दायित्व पुढे उलटणारच होतं. त्याच्यासमोर २५,०६७ ची ॲसेट न घेण्याला कारण नव्हतं. दोन्ही एकाच आयकर खात्याकडचे आणि कायद्याने एकमेकांत वळते होणारे, म्हणून ताळेबंदात निव्वळ दाखवायचे: ३,०६,३६४ वजा २५,०६७, दायित्व २,८१,२९७. ही रक्कम कितीही वर्षांनी फिटणार असली तरी मानक तिला आजच्या किमतीवर आणू देत नाही. मला हे पटतं, कारण उलटण्याचं वेळापत्रक कुणीच नीट बांधू शकत नाही.

आता दुरुस्ती. लेजरमध्ये वर्षाच्या सुरुवातीला ३,७४,६२८ होते. खरे हवे होते ३,४९,१०२ आणि संगणकांचे १,००७, मिळून ३,५०,१०९. मधले २४,५१९ आधीच्या वर्षांची चूक. लेखामानक ५ प्रमाणे ते याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात, पण वेगळे दिसतील असे, पूर्वकालीन बाब म्हणून दाखवायचे. या वर्षाचा डिफर्ड टॅक्स म्हणजे ३,५०,१०९ वरून २,८१,२९७, ६८,८१२ ची घट. अकाउंटंटची ७१,७७६ ची नोंद उलटवली आणि पुढची नोंद टाकली: डिफर्ड टॅक्स दायित्व खाते नावे ९३,३३१, जमेला चालू वर्षाचा डिफर्ड टॅक्स ६८,८१२ आणि पूर्वकालीन बाब २४,५१९.

मग पहिला भागाकार पुन्हा केला. चालू कर ४०,९५,६९२, त्यातून ६८,८१२ वजा, राहिले ४०,२६,८८०. भागिले १,६०,००,०००. बरोबर २५.१६८. पूर्वकालीन रक्कम या भागाकारातून बाहेर ठेवायची, ती या वर्षाच्या नफ्याची नाही. करोत्तर नफा एकूण १,६५,१०७ ने वाढला. लहान कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी नसेल, पण त्या वर्षी खर्च दाखवला होता तिथे उलट जमा यायची होती. बँकेसाठी आकडे काढणाऱ्याला दिशाच उलटी दिसली असती.

सही करायच्या दिवशी मालक आले. वयाने साठीचे, मशीनवर स्वतः उभं राहून काम केलेले. ताळेबंदात बोट ठेवून म्हणाले, "साहेब, ती जुनी व्हीएमसी विकून सहा महिने झाले. पैसे आले, जीएसटी भरला, आयकर भरला. आर्टिकल म्हणतो, तिचा अजून एक लाख टॅक्स इथे आहे. हा कुणाला द्यायचा?"

मी त्यांच्यासमोर ब्लॉकचा कागद ठेवला आणि पंधरा लाखांची वजाबाकी दाखवली. "दादा, ती मशीन आयकराच्या वहीत दहा लाखांची राहिली होती, तुम्ही पंधराला विकली. वरच्या पाच लाखांवर त्याने कर मागितलाच नाही. त्याऐवजी तुमच्या नव्या मशीनच्या घसाऱ्यातून ते पाच लाख कापून घेतले. पुढच्या वर्षी नव्या मशीनवर घसारा थोडा कमी मिळेल, कर थोडा जास्त जाईल. त्यातून हा लाख थोडा थोडा फिटत राहील."

त्यांनी कागद जवळ ओढला, ४३,०७,७२५ वर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "आणि नवी पण विकली, दुसरी घेतली नाही, तर?"

तेव्हा मात्र ब्लॉकच रिकामा होतो. कलम ५० लागतं, ब्लॉकच्या शिलकेपेक्षा जास्त आलेली रक्कम त्याच वर्षी अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होते. म्हणजे जुन्या मशीनचा तोवर न फिटलेला कर एका झटक्यात भरावा लागतो आणि यंत्रसामग्रीवरचं डिफर्ड टॅक्सचं दायित्व शून्यावर येतं. मी हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणाले दोन वर्षं तरी ही मशीन हलवायची नाही, आणि सही केली.